बावीस रात्री : भावाच्या जामिनाच्या निमित्ताने

गुरुवारी, १३ नोव्हेंबर २०२५ ला रात्री पावणेनऊ वाजता पोलिस ठाण्यातून फोन आला. मी कणीक मळत होते, हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि समोरचं बोलणं शेजारी उभ्या असलेल्या आईनेही ऐकलं. "तुमच्या भावाला अटक केली आहे. नातेवाइकांना कळवावं लागतं म्हणून फोन केला." आई खालीच बसली.

हे लिहितेय कारण पुढचे तीन आठवडे मला रोज एकच वाटत होतं, की यातलं काहीतरी आपल्याला आधी माहीत असायला हवं होतं. भांडणात चूक कुणाची यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. खटला अजून उभा राहायचा आहे आणि ज्यांचा हात मोडला ते गृहस्थही आमचेच शेजारी आहेत.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून भावाची आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची जुंपली. शिवीगाळ, मग हातघाई. रात्री शेजारी पोलिसात गेले तेव्हा नुसती एनसी नोंदवली गेली, म्हणजे अदखलपात्र गुन्हा. साधी मारहाण आणि शिवीगाळ, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) आणि ३५२. आम्हाला वाटलं, दोन दिवसांनी सगळे शांत झाले की संपेल. पण गुरुवारी शेजाऱ्यांचा हात सुजला. सिव्हिलमध्ये एक्स-रे काढला तर मनगटाचं हाड मोडलेलं. त्यांनी पुन्हा जबाब दिला, त्यात लोखंडी पाइपने मारल्याचं आलं, आणि संध्याकाळी एफआयआर झाला. त्यात नवं कलम होतं ११८(२).

त्या रात्री मामेबहिणीच्या ओळखीतून एका वकील मॅडमचा नंबर मिळाला. दहा वाजून गेले होते, तरी त्यांनी फोन उचलला. मी रडत रडत सगळी हकिगत सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "ताई, हकिगत उद्या. आधी कलमं सांगा." मी वाचून दाखवली. ११८(२) ऐकल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग आज ठाण्यातून सुटणार नाही. आज घरी बसा, उद्या रिमांडला भेटू."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी मला जे समजावलं, ते मी आजवर कुठे इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ४७८ प्रमाणे आरोपी जामीन द्यायला तयार असेल तर ठाण्याचा अधिकारीच त्याला सोडतो. तिथे द्यायचा की नाही असा प्रश्नच येत नाही. ऐपत नसलेल्या माणसाला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं असतं आणि अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर त्याची ऐपत नाही असंच धरलं जातं. अजामीनपात्र याचा अर्थ मात्र जामीन मिळतच नाही असा नाही, जो मी आयुष्यभर धरून चालले होते. त्याचा अर्थ इतकाच की हक्क म्हणून मिळत नाही. न्यायाधीश सगळं तोलून ठरवतात.

आणि आमच्या प्रकरणातली मेख इथेच होती. हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत. तीच दुखापत नुसत्या हाताने, ढकलाढकलीत झाली असती तर कलम लागलं असतं ११७(२). त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि तरीही ते जामीनपात्र आहे. तेच हाड, तेच मनगट, पण हत्यार आलं की ११८(२): किमान एक वर्ष, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप, आणि अजामीनपात्र. "म्हणजे सगळा फरक त्या पाइपचा?" मी विचारलं. "जामिनापुरता, हो," मॅडम म्हणाल्या. दखलपात्र आणि अजामीनपात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात का हा एक प्रश्न, जामीन हक्काने मिळतो का हा दुसरा. प्रत्येक कलमापुढे या दोन्हींची उत्तरं संहितेच्या पहिल्या परिशिष्टात तक्त्यात छापलेली आहेत. तुमच्यावर अशी वेळ आली तर एफआयआरची प्रत मिळवा आणि कलमं त्या तक्त्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघा. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकले जातात. आमचा दुसऱ्या दिवशी दिसला.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असता तर कदाचित अटकही झाली नसती. अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, आणि अटक करायची तर का करतोय ते लिहायचं. आता ती नोटीस कलम ३५(३) खाली येते. आमचं कलम त्या मर्यादेच्या वर गेलं होतं.

शुक्रवारी, १४ तारखेला दुपारी भावाला नाशिकच्या जुन्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात आणलं. अटकेपासून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. वैद्यकीय तपासणी झाली होती, अटकेची कारणं मराठीत लिहिलेला कागद त्याच्या खिशात होता. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" त्याने मान हलवली. पोलिसांनी पाच दिवसांची कोठडी मागितली. कारण एकच, गुन्ह्यात वापरलेलं हत्यार हस्तगत करायचं आहे. मॅडमनी विरोध केला, तीन दिवस मिळाले. सोमवार, १७ तारखेपर्यंत पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी.

मला तो दिवस पराभवासारखा वाटला. मॅडमना तसं वाटत नव्हतं. पोलिस कोठडी चालू असताना जामिनाचा अर्ज रेटण्यात अर्थ नसतो, कारण तपास चालू आहे हे कारण तेव्हा सर्वांत जड असतं. शनिवारी पंचांसमक्ष पाइप जप्त झाला. पंचनाम्यात लिहिलंय, अंदाजे अडीच फूट लांबीचा, एका टोकाला आटे असलेला लोखंडी पाइप. नळाच्या कामातून उरलेला, आमच्याच जिन्याखाली पडून असलेला. तो मी शेकडो वेळा ओलांडून गेले असेन. मॅडमचं म्हणणं असं, की तो सापडला हे कागदावर आपल्या विरुद्ध दिसतं, पण जामिनासाठी उपयोगी आहे. आता पोलिसांना त्याला आत ठेवून मिळवायचं असं काही उरलं नाही.

सोमवारी न्यायालयीन कोठडी झाली. सगळे एमसीआर म्हणतात तीच. भाऊ नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात गेला. त्याच दिवशी आम्ही कलम ४८० खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जामीन अर्ज दिला. अर्जावर लगेच निर्णय होत नाही. आधी त्यावर सरकार पक्षाचा से मागवतात. से म्हणजे म्हणणं. तपासी अंमलदार ते लिहितात आणि सरकारी वकील त्यावर सही करून दाखल करतात. आमचा से बुधवारी आला. मॅडमनी तो मला वाचायला दिला आणि दुसऱ्या पानावर माझं काळीज थांबलं.

"आरोपीच्या आईने दि. १६/११/२०२५ रोजी फिर्यादीच्या घरी जाऊन प्रकरण मिटवून घेण्याबाबत विनवणी केली असून, फिर्यादीने त्याबाबत पोलिस ठाण्यास अर्ज दिला आहे. आरोपी व फिर्यादी एकाच इमारतीत राहण्यास असल्याने आरोपीस जामीन मिळाल्यास तो फिर्यादी व साक्षीदारांवर दबाव आणण्याची दाट शक्यता आहे."

रविवारी सकाळी आई गेली होती. मला न सांगता. डब्यात शिरा घेऊन गेली होती, वीस वर्षांच्या शेजारधर्माने. दारातच हात जोडून म्हणाली होती, "पोराचं आयुष्य आहे, मिटवून घ्या." तिच्या मनात दबाव वगैरे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे त्याच्या दारात आरोपीची आई उभी राहते तेव्हा ते त्याला कसं वाटतं, हा विचार आमच्या कुणाच्याच मनात आला नाही. आणि कागदावर तर शिऱ्याचा डबा येत नाही. कागदावर येतं, आरोपीच्या नातेवाइकाने फिर्यादीची भेट घेतली.

गुरुवारी, २० तारखेला अर्ज फेटाळला. आदेश दीड पानांचा होता. गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, तपास प्राथमिक अवस्थेत आहे, आणि साक्षीदारांवर दबावाची शक्यता निराधार म्हणता येत नाही. कलम ४८० प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेला गुन्हा केल्याचं मानायला वाजवी कारण दिसत असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांचे हात बरेच बांधलेले असतात. स्त्री, लहान मूल, आजारी किंवा अशक्त माणूस यांच्यासाठी त्यात अपवाद आहे. भाऊ सव्वीस वर्षांचा धडधाकट, सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत मशीनवर काम करणारा. त्या दोन-तीन ओळींतली पहिली गोष्ट आमच्या हातात नव्हती, दुसरी वेळेनुसार सुटणार होती. तिसरी आमची आम्ही तयार केली होती. त्या रात्री आई जेवली नाही आणि मीही तिला काही बोलू शकले नाही.

तुमच्या घरातला कुणी आत असेल तर पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मोठ्या माणसांना, बसवून सांगा की फिर्यादीच्या दारात जायचं नाही, फोन करायचा नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहायचं नाही. तडजोड करायचीच असेल तर ती नंतर, वकिलांमार्फत.

खालच्या कोर्टाने नाही म्हटलं म्हणून दार बंद होत नाही. सत्र न्यायालयाला कलम ४८३ खाली जामिनाचे स्वतःचे, जास्त मोकळे अधिकार आहेत. तिथेही नाही झालं तर उच्च न्यायालय. नाशिककरांसाठी ते मुंबईला. शुक्रवारी फेटाळल्याच्या आदेशाची नक्कल काढली, चौथा शनिवार आणि रविवार गेला, सोमवारी २४ तारखेला सत्र न्यायालयात अर्ज दाखल झाला. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तो सोळा अंकाक्षरांचा क्रमांक मला आता पाठ आहे. से साठी २७ तारीख मिळाली. तपासी अंमलदार बंदोबस्तात होते, से आला नाही. १ डिसेंबर मिळाली. फक्त तारीख पुढे गेली असं वकिलांच्या दृष्टीने असतं. घरच्यांना त्या चार दिवसांतला प्रत्येक तास मोजावा लागतो.

मधल्या काळात ई-मुलाकातवर नोंदणी करून मी भावाला एकदा भेटले. काचेपलीकडे तो बारीक दिसत होता. त्याने एकच विचारलं, "कंपनीत कळलं का?"

या आठवड्यात मॅडमनी अर्जाची सगळी मांडणी बदलली. खालच्या कोर्टात आम्ही जास्त वेळ खर्च केला होता तो आरोप खोटा कसा आहे हे सांगण्यात. जामिनाच्या टप्प्यावर न्यायाधीश साक्षीपुरावा बारकाईने तपासून निकाल देत नाहीत. ते बघतात की प्रथमदर्शनी गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती, पुरावा वरवर पाहता कसा. आणि मग पुढचं: हा माणूस पळून जाईल का, पुराव्याशी छेडछाड करेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुन्हा असंच काही करेल का, आधीचे गुन्हे आहेत का. मॅडम म्हणाल्या, "गुन्हा किती मोठा हे आपण बदलू शकत नाही. पण बाकीच्या प्रत्येक भीतीला आपण कागद देऊ शकतो."

मग आम्ही कागद गोळा केले. पळून जाण्याच्या भीतीला: जन्मापासून नाशिकमध्ये राहत असल्याचे दाखले, कंपनीचं पाच वर्षांच्या नोकरीचं पत्र. ते पत्र मागायला मी एचआरच्या दारात अर्धा तास उभी होते. शेवटी सांगावंच लागलं, आणि त्यांनी ते निमूट दिलं. पूर्वीच्या गुन्ह्यांच्या प्रश्नाला: से मध्ये पोलिसांनीच त्याच्यावर इतर गुन्हा नाही असं लिहिलेलं होतं, ती ओळ अधोरेखित केली. पुराव्याच्या भीतीला: जप्तीचा पंचनामा, आणि पंच व शेजाऱ्यांचे जबाब झालेले आहेत ही बाब. दुखापतीबद्दल: वैद्यकीय प्रमाणपत्रात एकच जखम आहे, मनगटावर, डोक्यावर किंवा पोटावर नाही, आणि फिर्यादी रुग्णालयात दाखल राहिलेले नाहीत.

राहिली साक्षीदारांवर दबावाची भीती. तिथे युक्तिवाद चालणार नव्हता, कारण आई खरंच गेली होती. उपाय दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या मामांनी काढला. मामा द्राक्षबागायतदार, फारसे बोलत नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "त्याला माझ्याकडं राहू दे. बागेत काम आहेच." मॅडमनी मामांचं प्रतिज्ञापत्र केलं: दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत आरोपी माझ्या घरी राहील, त्याची जबाबदारी माझी. सोबत घराचं वीजबिल आणि सातबारा. शिवाय आईचं प्रतिज्ञापत्र: मी १६ तारखेला फिर्यादीच्या घरी गेले होते, तो माझा गैरसमज होता, यापुढे आमच्या कुटुंबातलं कुणीही त्यांच्याशी संपर्क करणार नाही. आईला सही करताना अवघड जात होतं. तिला वाटत होतं आपण गुन्हा कबूल करतोय. मॅडमनी तिला समजावलं की झालेली गोष्ट लपवली तर ती वाढते.

१ डिसेंबरला युक्तिवाद झाला. एकूण वीस-बावीस मिनिटं. सरकारी वकिलांनी विरोध केला, गंभीर दुखापत, हत्यार, एकच इमारत. शेजारी स्वतः आले होते, हात गळ्यात अडकवलेला. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" ते उठले आणि म्हणाले, "साहेब, मी रात्रपाळी करतो. रात्री एक वाजता जिन्यात हा समोर आला तर मी काय करायचं?" मला आजही तो प्रश्न आठवतो. तीन आठवडे मी फक्त आमच्या बाजूची भीती मोजत होते. मॅडमनी उत्तरादाखल मामांचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं आणि म्हणाल्या, ही भीती रास्त आहे, म्हणूनच आरोपी त्या इमारतीत राहणारच नाही.

२ डिसेंबरला जामीन मंजूर झाला. आदेशात न्यायालयाने लिहिलं की हत्यार जप्त झालेलं आहे, महत्त्वाचे जबाब झालेले आहेत, पुढील कोठडीची गरज दिसत नाही, आरोपीला पूर्वेतिहास नाही. दबावाची शंका योग्य अटींनी दूर करता येते. अटी अशा: २५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत त्या इमारतीच्या परिसरात जायचं नाही, दर सोमवारी ११ ते १ या वेळात पोलिस ठाण्यात हजेरी, फिर्यादी व साक्षीदारांशी कोणत्याही मार्गाने संपर्क नाही, पत्ता बदलल्यास कळवायचं. अट मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो.

मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, सुटला. तो सुटला नव्हता. जामीन मंजूर होणं आणि तुरुंगाच्या दाराबाहेर येणं यात आमचे तीन दिवस गेले.

जामीनदार मामाच होणार होते. जामीनदाराला आपली ऐपत दाखवावी लागते: शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, तहसीलचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो; नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. मामांच्या सातबाऱ्यावर विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. द्राक्षवाल्या कुणाच्या उताऱ्यावर तो नसतो? पण त्या उताऱ्यावर जामीन स्वीकारला गेला नाही, बोजा वजा जाता किती ऐपत उरते याचा तहसीलचा दाखला हवा होता, आणि त्याला दिवस लागणार होते. कोर्टाबाहेर त्याच दुपारी एक माणूस आला. "जामीनदार पाहिजे का? पाच हजारात कागदासकट." मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही. अशा जामीनदारांचे कागद बनावट निघाले तर जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा अंगावर येतो.

मॅडमनी मग वेगळा अर्ज दिला, की जामीनदार देण्यासाठी चार आठवडे मुदत द्यावी आणि तोवर २५,००० रुपये रोख भरून सुटका करावी. याला तात्पुरता रोख जामीन म्हणतात आणि तो मागता येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो अर्ज गुरुवारी, ४ तारखेला मंजूर झाला. नाझर शाखेत पैसे भरले, पावती घेतली, सुटकेचा आदेश तयार होऊन तुरुंगात पोचेपर्यंत संध्याकाळ उलटली होती. त्या दिवशीच्या सुटका झालेल्या होत्या. शुक्रवारी, ५ डिसेंबरला सकाळी, दुसरं कुठलं वॉरंट प्रलंबित नाही हे तपासून, भावाला सोडलं. जेलरोडला दारासमोर मामा जीप घेऊन उभे होते. तो थेट दिंडोरीकडे गेला, घरी आलाच नाही. येता येणार नव्हतं.

खर्चाचं सांगते, कारण कुणी सांगत नाही. वकिलांची फी खालच्या कोर्टात १५,००० आणि सत्र न्यायालयात २५,०००. टायपिंग, नकला, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं मिळून सुमारे अडीच हजार. रोख जामिनाचे २५,००० वेगळे, ते परत मिळणारे. माझे अकरा दिवस बिनपगारी गेले. एवढे पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, तिथून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे. तुरुंगात भावाच्या बराकीत एक मुलगा होता, त्याला जामीन मिळून बरेच दिवस झाले होते, पण जामीनदार नव्हता म्हणून तो आतच. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. मी मॅडमना त्या मुलाबद्दल सांगितलं. त्यांनी प्राधिकरणातल्या वकिलांना त्याचं नाव दिलं. पुढे काय झालं ते भावालाच विचारायचं राहिलंय.

मामांचा ऐपतीचा दाखला २४ डिसेंबरला मिळाला आणि मुदतीच्या आत, ३० तारखेला, त्यांनी जामीनदार म्हणून कोर्टात सही केली. त्यांना न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपी तारखेला आला नाही तर ही रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, माहीत आहे?" मामा म्हणाले, "हो साहेब. येईल तो." रोख रक्कम परत मिळण्याचा अर्ज टाकलाय. पावतीची मूळ प्रत जपून ठेवा, त्याशिवाय पैसे परत मिळताना फार त्रास होतो असं नाझर शाखेतल्याच एका ताईंनी सांगितलं.

दोषारोपपत्र अजून आलेलं नाही. भाऊ कोठडीतच राहिला असता तर त्याच्या कलमासाठी पोलिसांना नव्वद दिवस होते, आणि तोवर आलं नसतं तर तेवढ्याच कारणावर जामिनाचा हक्क उभा राहिला असता. मॅडमच्या डायरीत फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लाल शाईने लिहिलेला होता.

दर सोमवारी तो पहाटेची एसटी धरून येतो, हजेरी वहीत सही करतो, वेळ टाकून घेतो. मी ठाण्याच्या कोपऱ्यावर डबा घेऊन उभी असते. मागच्या सोमवारी वहीत सहावी सही झाली. आईला तिथे येऊ देत नाही, ती डबा भरून देते. शेजाऱ्यांचं प्लास्टर निघालंय. जिन्यात भेटले की मी बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ देते. दोघंही बोलत नाही.